बारा बिलांचा फोल्डर

हाउसिंग सोसायटीचं लेखापरीक्षण सुरू झालं, की ऑडिटरकडून एक यादी येते. त्यातली एक ओळ हमखास अशी असते: 'सुरक्षा एजन्सीची वर्षभराची बिलं मेलसह द्यावीत.' बिलं आलेली असतात, पैसेही दिलेले असतात. पण सोसायटीच्या मेल खात्यात गेल्या काही वर्षांचे हजारो मेल साठलेले. त्यांतले काही 'Security' नावाच्या फोल्डरमध्ये, काही 'Bills' मध्ये, काही आधीच्या खजिनदारांनी स्वतःच्या सोयीने केलेल्या 'Pending' मध्ये आणि उरलेले इनबॉक्समध्येच. एका बिलाचा मेल 'Security' मध्ये ठेवायचा की 'Bills' मध्ये, यावर प्रत्येक खजिनदाराचं उत्तर वेगळं असतं आणि प्रत्येकाचं बरोबरही असतं. मेलचं वर्गीकरण करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण हे काम दर काही वर्षांनी बदलणाऱ्या समितीकडून व्हावं ही अपेक्षा फार झाली.

या दुखण्यावरचा उपाय मेलच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये वीसेक वर्षांपासून पडून आहे. त्याला कोणी सेव्ह्ड सर्च म्हणतं, कोणी व्हर्च्युअल फोल्डर, तर आउटलुकमध्ये तो सर्च फोल्डर या नावाने दिसतो. कल्पना त्याहून जुनी. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या डेव्हिड गिफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये अशी फाइल व्यवस्था मांडली होती, जिच्यात फोल्डरचं नाव हाच एक प्रश्न असायचा आणि त्याला लागू पडणाऱ्या फाइली उघडल्या क्षणी गोळा व्हायच्या. लिनक्सवरच्या इव्होल्यूशनने ती मेलमध्ये आणली, आउटलुकमध्ये ती 2003 च्या आवृत्तीत आली आणि डिसेंबर 2004 मध्ये थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती आली तीच हे घेऊन. इथे थंडरबर्डचंच उदाहरण घेतो. तो फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि सोसायटीच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकावरही तक्रार करत नाही.

नेहमीच्या फोल्डरमध्ये मेल असतो. व्हर्च्युअल फोल्डरमध्ये फक्त अटी असतात. ग्रंथालयात पुस्तक एकाच कपाटात असतं, पण त्याची कार्डं लेखकाच्या, विषयाच्या आणि नावाच्या अशा तीन खणांत असू शकतात, तसंच हे. फोल्डर उघडला की थंडरबर्ड सांगितलेल्या जागा धुंडाळतो, अटी पुऱ्या करणारे मेल यादीत दाखवतो आणि नवा मेल आला की तोही त्यात आपोआप येऊन बसतो. मूळ मेल आपल्या जागेवरून हलत नाही. आपल्या मनाने एखादा मेल ओढून या फोल्डरमध्ये टाकायला गेलात तर तो टाकताच येत नाही, कारण टाकायला आत जागाच नसते.

आता बिलांकडे येऊ. समजा, सोसायटीचं खातं जीमेलचं आहे आणि ते थंडरबर्डमध्ये जोडलेलं आहे. एजन्सीचे मेल `@rakshak.example` या पत्त्यावरून येतात. आर्थिक वर्ष 2024-25. नव्या खजिनदारबाईंनी `File > New > Saved Search…` उघडलं. वरचा मेनू दिसत नसेल तर कळफलकावरची Alt दाबायची, नव्या आवृत्त्यांत तो लपवलेला असतो. समोर आलेल्या चौकटीत फोल्डरला नाव दिलं, 'सुरक्षा बिलं 2024-25'. मग `Match all of the following` निवडलं, म्हणजे सगळ्या अटी एकाच वेळी पुऱ्या व्हायला हव्यात, आणि खाली अटी भरल्या:

```
From               contains   @rakshak.example
Date               is after   31/03/2024
Date               is before  01/04/2025
Attachment Status  is         Has Attachments
```

तारखा जरा चमत्कारिक वाटतील. थंडरबर्डमध्ये `is after` म्हणजे त्या दिवसानंतर, तो दिवस धरून नव्हे. 1 एप्रिलपासूनचे मेल हवे असतील तर 31 मार्च लिहावं लागतं. `is before` चंही तसंच. तिथे 31 मार्च लिहिलं असतं तर त्या दिवशीचे मेल सुटले असते, आणि 31 मार्च हा दिवस आपल्याकडे काही साधासुधा नसतो.

शोध कुठे घ्यायचा हेही सांगावं लागतं. चौकटीत `Choose…` चं बटण आहे, ते दाबलं की खात्यातल्या सगळ्या फोल्डरची यादी येते. बाईंना वाटलं, काही सुटायला नको. त्यांनी सगळ्याच फोल्डरवर खुणा केल्या आणि ठीक म्हटलं.

फोल्डर उघडला, तर चोवीस मेल. प्रत्येक मेल दोनदा.

ही जीमेलची करामत. जीमेलमध्ये खरे फोल्डर नसतात, लेबलं असतात. पण थंडरबर्डशी बोलताना तो प्रत्येक लेबल फोल्डर म्हणून दाखवतो आणि शिवाय `All Mail` नावाच्या फोल्डरमध्ये सगळे मेल पुन्हा दाखवतो. एकच मेल इनबॉक्समध्येही दिसतो आणि `All Mail` मध्येही. हे कळायला एक सोपा मार्ग आहे. यादीच्या वरच्या पट्टीत उजव्या टोकाला असलेल्या छोट्या चिन्हातून `Location` हा रकाना चालू करायचा. प्रत्येक ओळीपुढे तो मेल मुळात कुठल्या फोल्डरमधला आहे ते उमटतं. व्हर्च्युअल फोल्डरमध्ये काम करताना हा रकाना कायम चालू ठेवावा असं माझं मत आहे, नाहीतर आपण नक्की काय बघतोय याचा पत्ता लागत नाही.

फोल्डरवर उजवं क्लिक करून `Properties` मध्ये गेलं की अटी बदलता येतात. बाईंनी बाकीच्या खुणा काढून फक्त `All Mail` ठेवलं. जीमेलपुरता हाच सगळ्यांत बरा तोडगा, कारण त्यात स्पॅम आणि कचरा सोडून सगळं असतं, पाठवलेले मेलसुद्धा. इतर खात्यांवर ही सोय नसते. तिथे फोल्डर एकेक करून निवडावे लागतात, आणि एक खाच लक्षात ठेवावी लागते. आज निवडलेले फोल्डर म्हणजे आजचेच. उद्या कोणी 'Security 2025' असा नवा फोल्डर केला आणि मेल तिथे हलवले, तर आपला शोध तिकडे फिरकत नाही. यादीतून मेल गुपचूप कमी होतात, चूक झाल्याची सूचना कुठेच येत नाही.

आता फोल्डरमध्ये बारा मेल होते. बारा महिने, वरवर पाहता बारा बिलं. कोणीही इथे थांबलं असतं.

पण एजन्सी मार्चचं बिल मार्चमध्ये पाठवत नाही, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवते. म्हणजे एप्रिल 2024 मध्ये आलेला यादीतला पहिला मेल मार्च 2024 च्या बिलाचा होता, मागच्या वर्षाचा. आणि मार्च 2025 चं बिल एप्रिल 2025 मध्ये आलं होतं, म्हणून ते यादीत नव्हतंच. एक नको तो आत, एक हवा तो बाहेर, आणि बेरीज मात्र चोख. हा दोष संगणकाचा नाही. `Date` ही मेल लिहिल्याची तारीख आहे, बिलाची नव्हे. बिलावर काय छापलंय ते थंडरबर्डला माहीत नसतं. सेव्ह्ड सर्चची अट अटॅचमेंटच्या आत डोकावून पाहत नाही, पीडीएफमधला मजकूर तिच्या कक्षेबाहेरचा आहे.

मेलची तारीख तरी कुठून येते? पाठवणाऱ्याच्या संगणकातल्या किंवा फोनमधल्या घड्याळातून. ते घड्याळ चुकीचं असेल तर मेल भलत्याच वर्षात जाऊन बसतो. आणि घड्याळ बरोबर असलं तरी दिवस कुठला धरायचा हे वाचणाऱ्याच्या जागेवर ठरतं. समितीतले एक सदस्य न्यू जर्सीत मुलाकडे राहायला गेलेत आणि तिथल्या लॅपटॉपवर हीच अट लावून बसलेत असं समजा. भारतात 1 एप्रिलच्या सकाळी आठ वाजता निघालेला मेल त्यांच्या पडद्यावर 31 मार्चच्या रात्री साडेदहाचा दिसतो, आणि वर्षाच्या कुंपणाच्या पलीकडे जातो. इथे आणि तिथे यादी वेगळी आली म्हणून भांडण होऊ शकतं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

त्यामुळे तारखेची अट हव्या त्या कागदाच्या प्रवासाकडे बघून ठरवायची. या एजन्सीसाठी पहिलं बिल मेच्या सुरुवातीला येणार आणि शेवटचं एप्रिलमध्ये. बाईंनी `is after 30/04/2024` आणि `is before 01/05/2025` असा बदल केला. (चालू कामासाठी याहून सोयीची दुसरी अट आहे, `Age in Days`. तिथे `is less than 30` लिहिलं की कायम गेल्या तीस दिवसांचं दिसतं, रोज सरकत राहतं. वर्ष बंद करून ठेवायचं असेल तेव्हा मात्र ती चालत नाही.)

नव्या तारखांनी यादीत दहाच बिलं आली. आधीच्या बारा मेलमध्येही खरी बिलं दहाच होती, नुसती संख्या मोजताना ते लक्षात आलं नव्हतं. पण ही दहा बरोबर महिन्यांची होती. ऑक्टोबरचं बिल आणि जानेवारीचं बिल, एवढीच नव्हती. शिवाय 'पुढच्या महिन्यात रक्षक बदलणार आहेत' एवढंच सांगणारा, कुठलंही बिल नसलेला एक मेलही यादीत आला होता. इथून पुढचं काम खरं मजेचं आहे.

आधी तो उपरा मेल घेऊ. त्याच्यापुढे अटॅचमेंटची क्लिप होती, उघडल्यावर मात्र अटॅचमेंट काहीच नाही. असं होतं, कारण मेल पूर्ण उतरवून उघडण्याआधी थंडरबर्डकडे त्याचा फक्त माथा असतो. त्या माथ्यात मेलचा प्रकार लिहिलेला असतो, आणि तो `multipart/mixed` असेल, म्हणजे 'अनेक तुकड्यांचा', तर थंडरबर्ड अंदाजाने क्लिप लावतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर ठरतो. पण काही कंपन्यांचे सर्व्हर प्रत्येक मेलच्या शेवटी 'हा मेल गोपनीय आहे' छापाची सूचना वेगळा तुकडा म्हणून चिकटवतात, आणि साध्या दोन ओळींच्या पत्राला क्लिप लागते. मेल उघडला की थंडरबर्डला खरं कळतं आणि तो खूण काढून टाकतो. म्हणून यादीतल्या संशयित मेलवर एकदा क्लिक करून पाहणं हा वेळेचा अपव्यय नाही.

याच्या उलटही घडतं. ऑक्टोबरच्या बिलाचं तसंच झालं होतं. त्या महिन्यात एजन्सीने बिल जोडायच्या ऐवजी 'बिल पाहण्यासाठी इथे क्लिक करा' अशी लिंक पाठवली होती. अटॅचमेंट नाही, म्हणून अट पुरी झाली नाही, म्हणून मेल यादीत नाही. हल्ली विमा, वीज, फोन, सगळीकडे हेच चाललंय, आणि मोठी फाइल असेल तर कोणीही ड्राइव्हवर ठेवून लिंक देतं. जीमेलवरून 25 एमबीपेक्षा मोठी अटॅचमेंट जातच नाही. त्यातही मेलमधून जाताना फाइल फुगते, कारण दर तीन बाइट्सची चार अक्षरं करून ती पाठवावी लागते. म्हणजे तीन एमबीचं स्कॅन मेलमध्ये चार एमबीचं होतं. `Size (KB)` ही अट लावताना हे ध्यानात ठेवायचं, थंडरबर्ड मोजतो तो फुगलेल्या मेलचा आकार. तिन्ही अटींत अटॅचमेंटची अट मला सगळ्यांत कच्ची वाटते. ढीग कमी करायला ती उत्तम, पण 'एकही कागद सुटता कामा नये' अशा कामात ती शेवटी काढून टाकून एकदा यादी बघावी.

जानेवारीचं बिल आलं होतं एजन्सीच्या सुपरवायझरच्या स्वतःच्या जीमेलवरून. ऑफिसचा मेल बंद होता म्हणून त्याने फोनवरून पाठवून दिलं. पाठवणाऱ्यावरून शोधताना हे ठरलेलंच. `From` च्या रकान्यात दोन गोष्टी असतात, नाव आणि पत्ता, आणि `contains` दोन्हीत शोधतो. नावावर विसंबू नये. एकच माणूस ऑफिसच्या संगणकावर इंग्रजीत, फोनवर देवनागरीत आणि तिसऱ्या ठिकाणी नुसत्या आद्याक्षरांत असू शकतो. पत्त्याचा `@` नंतरचा भाग धरला तर हिशेबनीस बदलला तरी बिल सापडतं. पण हेही विसरून चालणार नाही की `From` मध्ये काय लिहायचं ते पाठवणारा ठरवतो. एजन्सीचं नाव लावून कोणी खोटं बिल पाठवलं, आणि ते स्पॅममध्ये अडकलं नाही, तर तेही या फोल्डरमध्ये खऱ्या बिलांच्या रांगेत उभं राहील. फोल्डरचं नाव आपण दिलेलं असतं, म्हणून आतल्या मेलवर नकळत विश्वास बसतो.

सुपरवायझरचा पत्ता सापडला, बाईंनी तो अटीत घातला: `From contains` दुसऱ्यांदा. यादी रिकामी. साहजिकच आहे, `Match all` म्हणजे सगळ्या अटी एकदम, आणि एक मेल एकाच वेळी दोघांकडून येऊ शकत नाही. मग `Match any` केलं, तर शेकडो मेल आले, कारण आता नुसती तारीख जुळली तरी चालत होतं. 'हा किंवा तो, आणि शिवाय या तारखांत' असं वाक्य थंडरबर्डला सांगता येत नाही. कंस घालायची सोय तिथे नाही. इतक्या वर्षांत ती यायला हवी होती, असं मला तरी वाटतं.

वाट थोडी वळशाची आहे, पण पक्की. `किंवा` चं काम फिल्टरकडे द्यायचं आणि `आणि` चं सेव्ह्ड सर्चकडे. `Message Filters` मध्ये नवा फिल्टर केला, त्यात `Match any` ठेवून दोन्ही पत्ते भरले आणि कृती म्हणून `Tag Message` निवडून 'सुरक्षा' हा टॅग लावायला सांगितलं. मग `All Mail` निवडून `Run Now`. काही क्षणांत दोन्ही पत्त्यांवरच्या सगळ्या जुन्या मेलवर टॅग लागला. आता सेव्ह्ड सर्चमध्ये `From` काढून `Tags contains सुरक्षा` एवढंच, तारखा तशाच. अटॅचमेंटची अटही काढली. यादी अर्थातच लांबली, पत्रव्यवहारही आत आला. पण क्लिपच्या रकान्यावर क्लिक करून अटॅचमेंटवाले मेल एकत्र केले आणि उरलेल्यांचे विषय वाचले तेव्हा बारा बिलं हाती लागली. मे महिन्याचं पहिलं, एप्रिलचं शेवटचं. ती निवडून `Save As` केलं की `.eml` फाइली ऑडिटरला देता येतात.

एवढं झाल्यावर हात आवरता घ्यायचा असतो. या फोल्डरमधला मेल डिलीट केला तर मूळ मेलच जातो. ही प्रत आहे, मूळ तर इनबॉक्समध्ये आहेच, अशा समजुतीने केलेली साफसफाई महागात पडते. मेल कचऱ्यात जातो आणि जीमेल कचरा तीस दिवसांनी रिकामा करतो. नवल असं, की अख्खा व्हर्च्युअल फोल्डर डिलीट केला तर मात्र एकाही मेलला धक्का लागत नाही, फक्त अटी पुसल्या जातात. मोठं वाटणारं काम निरुपद्रवी आणि छोटं वाटणारं काम घातक, हे उलटं आहे. समितीत दोघं-तिघं एकच संगणक वापरत असतील तर फोल्डरच्या नावातच 'डिलीट करू नये' लिहिलेलं बरं. दिसायला वाईट दिसतं, पण चालतं.

कधीकधी अटी बरोबर, जागा बरोबर, तरी यादी अपुरी येते. `Location` मध्ये एखाद्या फोल्डरचं नावच उमटत नसेल तर त्या मूळ फोल्डरच्या `Properties` मध्ये जाऊन `Repair Folder` दाबायचं. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरची एक सूची `.msf` फाइलमध्ये ठेवतो आणि शोधही त्याच सूचीत घेतो. ती बिघडली की मेल असूनही सापडत नाहीत. मजकुरात शोधायचं असेल, म्हणजे `Body` ची अट, तर आणखी एक अडचण येते. जे मेल संगणकावर उतरवलेलेच नाहीत त्यांचा मजकूर तिथे नसतो. मग `Search Online` ची खूण करून सर्व्हरवर शोध घ्यायला सांगावं लागतं आणि फोल्डर उघडायला वेळ लागतो.

खजिनदार बदलले, संगणक बदलला, की हे फोल्डर दिसेनासे होतात. मेल सर्व्हरवर असतात, ते नव्या संगणकावर जसेच्या तसे उतरतात. अटी मात्र जुन्या संगणकावरच्या थंडरबर्डच्या प्रोफाइलमध्ये, `virtualFolders.dat` नावाच्या एका छोट्या फाइलीत राहिलेल्या असतात. फोनवरून सोसायटीचं खातं उघडलं तरी ते तिथे नसतातच. पूर्ण प्रोफाइल उचलून नेलं तर ही फाइलही जाते. फक्त ती एकटी उचलून दुसरीकडे टाकण्यात अर्थ नाही, तिच्यात लिहिलेले फोल्डरचे पत्ते नव्या ठिकाणी जुळतीलच असं नाही. त्यापेक्षा हस्तांतरणाच्या कागदात चार ओळी लिहून ठेवलेल्या कामी येतात: शोध फक्त `All Mail` मध्ये, टॅग सुरक्षा, पाठवणारे दोन, तारखा मे ते एप्रिल, कारण एजन्सी महिन्याचं बिल पुढच्या महिन्यात पाठवते.